बरणीवरची मोकळी जागा

आमच्या गटातली सर्वात धाकटी सून गेल्या महिन्यात मोबाइल घेऊन धावत आली. "काकू, आपल्याला अश्शी बरणी हवी!" चित्र खरंच देखणं होतं. काचेची बुटकी बरणी, आत लालभडक फोडी, वर बोटभर तेल चकाकतंय, झाकणावर जाड्याभरड्या खादीचा गोल तुकडा, त्याला सुतळीची गाठ. पोटावर कागदाची कोरी चौकट. "ही जागा मोकळी ठेवलीय बघा, आपलं नाव घालायला," ती म्हणाली.

मी बराच वेळ त्या कोऱ्या चौकटीकडेच बघत राहिले. कारण तेल आणि फडकं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. त्या चौकटीत काय लिहायचं, हाच गेली दोन वर्षं आमच्या गटातला भांडणाचा विषय आहे.

मैत्रिणींनो, हल्ली दुकानात जाऊन पाहा. मोठमोठ्या कारखान्यांची लोणचीही अशीच 'आजीच्या हातची' दिसायला लागली आहेत. चौकडीचं कापड, हाताने लिहिल्यासारखी अक्षरं, सुतळी. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणची, जॅम यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. छानच झालं, गिऱ्हाइकाला स्वस्त मिळेल. पण आपल्यासारखा छोटा गट जीएसटीच्या नोंदणीत नसतो, त्यामुळे विकताना कर लावायचा प्रश्नच येत नाही. उलट रिकाम्या काचेच्या बरणीवर आपण १८ टक्के भरतो आणि तो परत मिळत नाही. म्हणजे कारखान्याचं लोणचं घरगुती दिसू लागलं आणि शिवाय स्वस्तही झालं. अशा वेळी आपली बरणी नुसती दिसण्यावर कशी विकली जाणार? म्हणून म्हटलं, त्या चित्रातल्या एकेका गोष्टीकडे नीट बघू या.

आधी तेल. आपल्याला वाटतं, तेलामुळे लोणचं टिकतं. अर्धंच खरं आहे ते. लोणचं टिकवतं मीठ आणि आंबटपणा. तेल फक्त हवा अडवतं, आणि हवा अडली की बुरशी धरत नाही. म्हणून फोड तेलाच्या खाली असणं महत्त्वाचं. सरकारी मानकातही तेलातल्या लोणच्याबद्दल हेच आहे, की फोडी जवळजवळ पूर्ण तेलात बुडालेल्या असाव्यात. पण त्याच मानकात दुसरी अट आहे. निथळलेल्या लोणच्याचं वजन ६० टक्क्यांहून कमी असता कामा नये. म्हणजे ४०० ग्रॅमच्या बरणीत निथळून किमान २४० ग्रॅम माल हवा. फोटोत छान दिसतं म्हणून दोन-दोन बोटं तेल ओतलंत तर गिऱ्हाइकाच्या पदरात लोणचं कमी आणि तेल जास्त पडेल. घरी तपासायला एक बरणी स्टीलच्या चाळणीवर रिकामी करा, तेल निथळू द्या आणि चाळणीत उरलेलं वजन करा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा एका बरणीत ६८ टक्के आणि दुसरीत ५५ टक्के भरलं. दोन्ही बरण्या एकाच पातेल्यातल्या, फक्त भरणारे हात वेगळे!

आता आमची फजिती सांगते, म्हणजे तेलाचं दुसरं गुपित कळेल. २०२४ च्या जूनमध्ये आम्ही कैरीचं लोणचं घातलं आणि एका प्रदर्शनाची तारीख गाठायची म्हणून चौथ्या दिवशीच बरण्यांत भरलं. भरताना तेल अगदी गळ्यापर्यंत होतं. तीन आठवड्यांनी बघतो तर काही बरण्यांत वरच्या फोडी उघड्या पडलेल्या, आणि त्यांच्यावर पांढरी लव. झाकणाखालून तेल झिरपून लेबलंही ओली झाली होती ती वेगळीच. तेल गेलं कुठे? चोरीला नाही गेलं. ताजी फोड पाणी सोडते, मऊ पडते आणि मग तेल पिते. मसालाही तेल पितो. फोडींच्या मध्ये अडकलेली हवा हळूहळू वर येते आणि तेल खाली बसतं. शिवाय मुरताना थोडा वायू धरतो. झाकण घट्ट असलं की तो वायू तेलाला बाहेर ढकलतो. एकाच कारणाने बरणीत तेल कमी आणि लेबलवर तेल जास्त.

तेव्हापासून लोणचं मोठ्या चिनी मातीच्या बरणीतच निदान तीन आठवडे मुरू देतो, एक दिवसाआड कोरड्या लाकडी डावाने खालीवर करतो आणि मगच काचेत भरतो. भरताना बरणी घडी घातलेल्या फडक्यावर हलकेच आपटायची, म्हणजे हवा वर येते. एक रात्र तशीच ठेवायची. सकाळी तेल खाली गेलेलं दिसतंच. मग कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं तेल वरून घालायचं. गार म्हणजे गार हं! कोमट तेलाची वाफ झाकणाला धरते, थेंब होऊन खाली पडते आणि पाण्याचा तो एक थेंब पुरतो. आणि गरम तेलाने काच तडकते ते आणखी निराळं.

लव आणि मीठ यांतला फरकही ओळखता यायला हवा, नाहीतर चांगलं लोणचं फेकून द्याल. पांढरे कण टणक असतील आणि चमचाभर पाण्यात विरघळले तर ते मीठ आहे. कापसासारखं, मऊ, कुबट वासाचं असेल तर बुरशी. बुरशी आली तर वरचं काढून खालचं पुन्हा फोडणीला घालायचं नाही. सगळी बरणी टाकायची. आमच्या अकरा बरण्या गेल्या. मावशींनी तर "वरचं काढा, खालचं घरी खाऊ" म्हणून दोन दिवस अबोला धरला होता. पण मुळं खाली गेलेली असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत.

आणखी एक सांगितल्याशिवाय तेलाचा विषय सोडवत नाही. कैरी आणि लिंबू मुळातच आंबट, त्यामुळे तिथे तेल हवा अडवतं ते भल्यासाठीच. पण लसूण, ओली हळद किंवा भाज्या आंबट नसतात. त्या नुसत्या तेलात बुडवल्या तर हवा नसलेल्या जागी वाढणारे विषारी जंतू तिथे वाढू शकतात, आणि त्यांचा ना वास येतो ना बुरशी दिसते. म्हणून लसणाच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर हवं. चवीपुरतं घालून भागत नाही. आंबटपणा मोजायचा पीएच कागद प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. आकडा ४.६ च्या खाली हवा, आणि कागदाचा भरवसा जेमतेम, म्हणून चारच्याही खाली असला तर मी निश्चिंत होते. लसणाचं लोणचं विकायचं असेल तर एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्याच.

आता फडकं. आपल्याकडे बरणीला दादरा बांधायची रीत आहेच. तो दादरा कामाचा होता. लोणचं मुरताना वाफ बाहेर जावी, धूळ-चिलटं आत जाऊ नयेत, म्हणून पातळ धुवट कापड. चित्रातलं फडकं पत्र्याच्या झाकणावर बांधलेलं आहे, म्हणजे त्याला काहीच काम उरलेलं नाही. ते दागिना आहे. दागिना घालावा, माझी ना नाही. पण सुती कापड तेल ओढतं, दिव्याच्या वातीसारखं. झाकणाच्या कडेला थेंब लागला की दोन दिवसांत फडक्यावर तेलकट कडं उठतं, त्यावर धूळ बसते, मुंग्या येतात. आणि फडक्याखाली झाकण झाकलं जातं, त्यामुळे सील फाटलंय का, झाकणाला गंज धरलाय का हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. मीठ आणि आंबट, दोघं मिळून साधं पत्र्याचं झाकण महिन्या-दोन महिन्यांत खातात. झाकण आतून लेप दिलेलं आणि रबरासारखी कड असलेलंच घ्यावं. रुपया-दोन रुपये जास्त पडतात.

आम्ही तोडगा असा काढलाय, की फडकं झाकणावर न बांधता सुतळीने बरणीच्या गळ्याभोवती पट्टीसारखं बांधायचं, तेही विक्रीच्या दिवशी सकाळी. बरणी आधी कोरड्या कापडाने आणि मग थोड्या स्पिरिटने पुसायची, म्हणजे लेबल चिकटतं. धाकट्या सुनेला हे फारसं पसंत नाही. फोटोत तसं भरत नाही म्हणते.

आता ती कोरी चौकट. आमचं लोणचं गेली कित्येक वर्षं एक व्यापारी सुटं घेऊन जातात. किलोला १८० रुपये रोख देतात आणि स्वतःच्या बरणीत, स्वतःच्या नावाने विकतात. त्यांची बरणी आमच्यासमोर दुकानात १८० रुपयांना ठेवलेली असते, ४०० ग्रॅमची. यात त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. बरण्या त्यांच्या, फुटलं-तुटलं त्यांचं, उधारी त्यांची. तरी हिशेब एकदा मांडून बघावा म्हणून मी वहीत लिहिलं. आकडे आमच्या बाजारातले आहेत, तुमच्याकडे कमी-जास्त होतील.

सात किलो कैरी फोडली की कोय-साल जाऊन पाच किलो फोडी मिळतात. ४० रुपयांनी २८० झाले. तेल दीड किलो, २८५. मीठ एक किलो, २५. मोहरीची डाळ अर्धा किलो, १००. तिखट पाव किलो, ८०. हळद १०० ग्रॅम, २०. मेथी ५० ग्रॅम, ६. हिंग ५० ग्रॅम, ८०. एकूण ८७६ रुपये. सगळं मिळून साधारण साडेआठ किलो होतं, भांड्याला लागलेलं आणि चाखलेलं सोडून आठ किलो हाती येतं. म्हणजे ४०० ग्रॅमच्या वीस बरण्या, आणि एका बरणीचा माल ४४ रुपयांचा.

सुटं दिलं तर ४०० ग्रॅमचे ७२ रुपये मिळतात, म्हणजे हातात २८. त्यात गॅस आणि चौघींचे दोन दिवस. स्वतः भरलं तर बरणी-झाकण २२, लेबल ३, फडकं-सुतळी ४, खोकं ५, असे ३४ वाढतात आणि बरणी ७८ ला पडते. प्रदर्शनात १५० ला विकली तर हातात ७२. पण स्टॉलचं भाडं, एसटी, न खपलेल्या बरण्या परत आणणं हे त्यातूनच जायचं. वीसातल्या बारा खपल्या तर काय होतं? बाराचे १८०० आले, वीसांना खर्च १५६० झाला, भाडं आणि प्रवास निघाला तर निघाला. आठ बरण्या मात्र पुढच्या वेळी विकायला शिल्लक. म्हणून जी सरळ सांगते की "नाव लावा, दुप्पट कमवा", तिला आधी विचारावं, न खपलेलं कुठे ठेवतेस?

तरीही नाव लावावंसं वाटतं. आणि नाव लावायचं तर कायद्याचं घर आधी चढावं लागतं. पूर्वी फळ-भाज्यांच्या पदार्थांना १९५५ चा फळ उत्पादन आदेश लागू होता. आता २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, त्याची अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. विकण्यासाठी घरात लोणचं करणारीलाही नोंदणी लागते. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला लहान व्यावसायिक धरून वर्षाला १०० रुपये फी ठेवली होती. मर्यादा, फी आणि मुदत वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी foscos.fssai.gov.in वर पाहूनच भरा. ओळखपत्र, फोटो आणि जागेचा पुरावा लागतो. मिळतो तो १४ आकडी नंबर. एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली, की नोंदणी जागेची असते. आम्ही पाच जणी पाच घरी थोडं थोडं करून एकीच्या नंबरवर विकत होतो, ते चूक होतं. आता सगळं एकाच स्वयंपाकघरात करतो.

लेबलावर काय काय हवं? पदार्थाचं नाव. मग घटक, आणि तेही वजनाच्या उतरत्या क्रमाने. माझ्या वरच्या हिशेबातून लिहायचं तर कैरी, तेल, मीठ, मोहरी डाळ, तिखट, हळद, मेथी, हिंग. तेल कोणतं तेही लिहायचं, शेंगदाण्याचं की सोयाबीनचं. किती तरी जणी 'मीठ' शेवटी लिहितात, जणू ते मसाल्यातच गेलं. निव्वळ वजन, म्हणजे बरणी सोडून. शाकाहाराची हिरवी खूण, नोंदणी नंबर, बॅच, बनवल्याची तारीख, कोणत्या तारखेपर्यंत वापरावं, सर्व करांसह किंमत. आणि एका ग्रॅमची किंमतही. १५० रुपयांना ४०० ग्रॅम म्हणजे ग्रॅमला ३८ पैसे. पोषणमूल्यांच्या तक्त्यातून कोणाला सूट आहे ते नोंदणीच्या वेळीच अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्या.

'कधीपर्यंत वापरावं' ही तारीख मनाने टाकू नका. आम्ही प्रत्येक घाण्यातल्या सहा बरण्या बाजूला ठेवतो आणि दर दोन महिन्यांनी एक उघडतो. वास, रंग, तेलाचा खवटपणा बघतो. वर्षभर नीट राहिलेलं असेल तर नऊ महिने लिहितो. बहुतेक वेळा फोडीच्या आधी तेल बिघडतं, आणि उन्हात ठेवलेली काचेची बरणी सर्वात लवकर. दुकानदाराला हे सांगावंच लागतं, कारण त्याला बरणी उन्हातच मांडायला आवडते. तेल चकाकतं ना!

बरं, 'होममेड' लिहावं का? २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत असं आहे, की गिऱ्हाइकाची चुकीची समजूत होईल असे 'घरी केलेलं' छापाचे शब्द वापरू नयेत. नियम रोखून धरतो ते कारखान्याला. पण गंमत बघा, घरगुती दिसण्यासाठी कारखान्याला तो शब्द लिहावाच लागत नाही, फडकं आणि सुतळी पुरते. आम्ही शब्द टाकला नाही. त्याऐवजी पत्ता ठळक छापला.

आणि इथेच खरी अडचण आली. पत्ता म्हणजे घराचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर. ज्या वहिनींच्या घरी आम्ही लोणचं करतो, त्यांचे सासरे म्हणाले, "घरातल्या बाईचं नाव नि नंबर गावभर बरण्यांवर फिरवायचा?" मला आधी राग आला. मग वाटलं, हे अगदीच खोटं नाही. एका ओळखीच्या बाईंना खाकऱ्याच्या पाकिटावरचा नंबर बघून रात्री-अपरात्री फोन यायचे. आम्ही गटाच्या नावाने वेगळं सिमकार्ड घेतलं. साधा फोन, रात्री आठला बंद, आणि दर आठवड्याला वेगळीकडे राहतो. लेबलावर नाव गटाचं. पत्ता मात्र घराचाच लागतो, त्याला इलाज नाही. सासऱ्यांना पहिलं छापील लेबल दाखवलं, तेव्हा गावाच्या नावाखाली पिनकोड चुकलाय हे त्यांनीच काढलं.

व्यापाऱ्याचा प्रश्न मात्र राहिलाच होता, कारण सुटं विकणं बंद करणं आम्हाला परवडणारं नाही. प्रदर्शनं वर्षातून तीन. शोधता शोधता कळलं, की २०२० च्या लेबलच्या नियमांप्रमाणे ब्रँड एकाचा आणि माल दुसऱ्याने केलेला असेल तर ब्रँडवाल्याच्या नंबरबरोबर करणाऱ्याचा नोंदणी नंबरही लेबलवर हवा. म्हणजे त्यांच्या बरणीवर आमचं नाव नसलं तरी आमचे १४ आकडे असायलाच हवेत. त्यावरून कोणीही शोधू शकतं, की हे लोणचं कुठल्या स्वयंपाकघरात झालं. चांगलं झालं तरी, आणि बिघडलं तरी. हे दुसरं वाक्य मावशींच्या लक्षात सर्वात आधी आलं. "म्हणजे त्यांनी बरणी उन्हात ठेवली आणि खवट झालं, तर आपल्या नावावर?" म्हणून आता सुटा माल देताना चिठ्ठी देतो. घाणा कोणता, तारीख कोणती, किती किलो, आणि त्याच घाण्याच्या दोन बरण्या आमच्याकडे ठेवल्या आहेत. चिठ्ठीवर त्यांची सही घेतो.

पहिल्यांदा सही मागितली तेव्हा ते हसले. नंबर लेबलवर टाका म्हटल्यावर हसले नाहीत. "छापखान्यात पाच हजार लेबलं पडून आहेत, ती संपू दे," म्हणाले. आम्ही म्हटलं, नंबरची पट्टी आम्ही छापून देतो, शेजारी लावा. तीन रुपयांच्या लेबलला चाळीस पैशांची पट्टी. विचार करून सांगतो म्हणाले. त्याला आता महिना झाला. यंदाची कैरी चिनी मातीच्या बरण्यांत मुरते आहे, तेल वरपर्यंत आहे आणि तीन आठवडे अजून व्हायचेत.